मुलाखत मंगळवारी, तिकीट रविवारचं

नारायण पेठेत माझं तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. आजूबाजूला अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्सची दुकानं. त्यामुळे हिवाळा सुरू झाला की संघ लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी दिल्लीला निघालेली मुलंमुली माझ्याकडे येऊ लागतात. २०२४च्या नागरी सेवा परीक्षेच्या मुलाखती ७ जानेवारी २०२५ला सुरू झाल्या आणि १७ एप्रिलपर्यंत चालल्या. ज्यांची तारीख जानेवारीत येते, त्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

मुलाखतपत्रात तारीख आणि सत्र दिलेलं असतं. सकाळच्या सत्राला नऊ वाजता आणि दुपारच्या सत्राला एक वाजता शाहजहान रोडवरच्या धौलपूर हाउसमध्ये हजर राहायचं. तारीख बदलून द्या म्हटलं तर आयोग सहसा ऐकत नाही. इतर प्रवाशाचं विमान चुकलं तर त्याचा एखादा दिवस बुडतो. या मुलांची मुलाखत हुकली तर पुन्हा पूर्वपरीक्षेपासून सुरुवात करावी लागते, आणि ज्याचा तो शेवटचा प्रयत्न असेल त्याला तीही मुभा नसते. म्हणून या तिकिटांसाठी माझे काही वेगळे नियम आहेत. वर्षानुवर्षं मुलांना पाठवताना ते पक्के होत गेले.

१. भाडं नंतर बघा, आधी पोचायची शेवटची वेळ ठरवा

बहुतेक जण स्वस्त तिकीट शोधण्यापासून सुरुवात करतात. मी मुलाखतीच्या वेळेपासून उलटं मोजायला बसवते. सकाळी नऊला हजर राहायचं तर रात्री झोप नीट व्हायला हवी. त्यासाठी आदल्या दिवशी आठच्या आत खोलीवर पोचून, जेवून, कागद एकदा तपासून झालेले हवेत. विमानातून उतरणं, सामान घेणं आणि शहरात येणं यात दोन तास सहज जातात. म्हणजे आदल्या संध्याकाळी सहाला विमानाची चाकं दिल्लीच्या धावपट्टीला लागलेली हवीत. ही झाली शेवटची वेळ. त्यानंतर पोचणारं प्रत्येक तिकीट, कितीही स्वस्त असलं तरी, यादीतून बाद.

दुपारच्या सत्रवाल्यांशी मला जास्त बोलावं लागतं. मुलाखत एकला आहे, सकाळी सहाचं विमान साडेआठला उतरवतंय, मग आदल्या रात्रीचं हॉटेल कशाला, असा त्यांचा हिशेब असतो. जानेवारीत याहून धोक्याचं तिकीट नाही. ते का, ते पुढे येईलच. दुपारचं सत्र असलं तरी शेवटची वेळ आदल्या संध्याकाळचीच धरायची.

२. राखीव वेळ तासांत मोजू नका, उरलेल्या वाटांत मोजा

मागे लातूरची एक मुलगी आणि तिचे वडील आले होते. मुलाखत जानेवारीत, मंगळवारी, सकाळच्या सत्रात. वडिलांनी मोबाइलवर सोमवारचं विमान शोधून आणलं होतं. पुण्याहून साडेबाराच्या सुमारास सुटणारं आणि तीनच्या आत दिल्लीत उतरवणारं.

"शेवटची वेळ सहाची म्हणता ना ताई? मग तीन तास हाताशी आहेत की," ते म्हणाले. "दोन दिवस आधी जाऊन तिथं काय करायलंय?"

मी कागदावर दोन रकाने पाडले. एकावर सोमवार लिहिलं, दुसऱ्यावर रविवार. दोन्हींखाली एकच प्रश्न: साडेअकराला विमानतळावर कळलं की विमान रद्द झालंय, तर पुढे काय?

आधी सोमवारचा रकाना भरला. पुण्याहून संध्याकाळी दिल्लीला विमानं आहेत. पण रद्द झालेल्या विमानातले सगळेच प्रवासी त्याच जागा शोधणार, आणि कारण दिल्लीतलं असेल तर ती विमानंही वेळेवर असतील याचा भरवसा नाही. रस्त्याने मुंबई गाठायला चारेक तास, तिथून रात्रीचं विमान. तेही मिळत नसेल तर उरली रेल्वे. मुंबई सेंट्रलहून राजधानी संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या आसपास नवी दिल्लीला पोचते. म्हणजे मंगळवारी, हजर व्हायच्या अर्धा तास आधी, आणि तेसुद्धा धुक्याच्या दिवसांत गाडी वेळेवर आली तर. ही वाट मी धरत नाही. एकूण सोमवारी विमान रद्द झालं तर दुसऱ्या विमानाशिवाय काहीच उरत नव्हतं.

मग रविवारचा. त्याच वेळेचं विमान रविवारी रद्द झालं तर त्या संध्याकाळची विमानं आहेत, सोमवारी दुपारचं आहे. तातडीने मुंबईला निघालं तर पाचची राजधानी गाठता येते, आणि ती सोमवारी सकाळी साडेआठऐवजी दुपारी दोनला पोचली तरी काही बिघडत नाही. अगदीच काही नाही तर पुण्याहून झेलम आहे. संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी रात्री दिल्लीत पोचते. आठच्या आत खोलीवर पोचायचा माझा नियम त्यात मोडतो, पण मंगळवारची सकाळ हातची जात नाही.

दोन रकान्यांत फरक फक्त चोवीस तासांचा, पण रविवारी रेल्वे मदतीला येते आणि सोमवारी येत नाही. माझा नियम एवढाच आहे. विमान आयत्या वेळी रद्द झालं तरी जमिनीवरून वेळेत पोचता येईल इतकं आधीचं विमान घ्यायचं. नागपूरचा मुलगा असेल तर रात्रीच्या गाडीने तो दुसऱ्या दिवशी दिल्लीत असतो, त्यामुळे त्याला थोडं कमी अंतर चालतं. गोव्याच्या मुलाला रेल्वेने एक अख्खा दिवस आणि वर काही तास लागतात, त्यामुळे तो आणखी आधी निघालेला बरा. आपल्या गावाहून दिल्लीला रेल्वे किती तास घेते ते आधी बघायचं. विमान किती दिवस आधीचं काढायचं, ते त्यावरून ठरतं.

यात एक मेख आहे. आयत्या वेळी राजधानीत जागा मिळत नाही. तत्काळचा एसी कोटा आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतो आणि भराभर संपतो. म्हणून ज्यांना परवडतं त्यांना मी रविवारच्या गाडीचं साधं आरक्षण आधीच काढून ठेवायला सांगते. विमान उडालं की ते रद्द करायचं. त्याच दिवशी रद्द केल्यावर बरेचसे पैसे जातात, तेव्हा ते गेलेच असं धरून चाला. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांना मी सरळ सांगते की विमान सोडा, शनिवारच्या गाडीने जा. रेल्वेने दोन दिवस आधी पोचलेला मुलगा विमानाने आदल्या रात्री पोचणाऱ्यापेक्षा कितीतरी निर्धास्त असतो. जादा रात्रीच्या राहण्याचा प्रश्न असेल तर दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनात उमेदवारांची सोय होते का, ते तारीख कळल्याबरोबर विचारून घ्यावं. उशिरा विचारलं तर खोल्या भरलेल्या असतात.

त्या मुलीचं तिकीट शेवटी रविवारचं काढलं. शनिवारी रात्री लातूरहून बस, सकाळी पुणे, दुपारी विमान. विमान चार तास उशिरा सुटलं आणि ती रात्री नऊच्या सुमाराला खोलीवर पोचली. सोमवार अख्खा मोकळा मिळाला. तिने धौलपूर हाउसचं गेट पाहून ठेवलं आणि दुपारी झोप काढली. सोमवारी संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "ताई, आजचं तेच विमान वेळेवर गेलं बरं का." गेलं, खरं आहे. पण शनिवारी तिकीट हातात असताना हे कुणाला ठाऊक होतं? पुन्हा तीच तारीख समोर आली तर मी पुन्हा रविवारचंच तिकीट काढीन.

३. धुक्याच्या दिवसांत सकाळचं पहिलं विमान नको

एरवी मी स्वतः सगळ्यांना पहिलं विमान घ्यायला सांगते. ते रात्रभर त्याच विमानतळावर उभं असतं, त्यामुळे आधीच्या फेऱ्यांचा उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात मात्र हा सल्ला उलटतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे दाट धुकं पडू शकतं, आणि ते मध्यरात्रीनंतर दाटत जाऊन सकाळी आठ-नऊपर्यंत टिकतं. पुण्याहून सहाला सुटलेलं विमान सव्वाआठला दिल्लीवर पोचतं, म्हणजे नेमकं वाईट वेळेला.

दिल्लीत धुक्यात विमान उतरवायची यंत्रणा आहे, मग अडचण काय, असं मुलं विचारतात. यंत्रणा आहे हे खरं. कॅट थ्री नावाच्या व्यवस्थेत धावपट्टीवर ५० मीटरपर्यंत दिसत असलं तरी विमान उतरू शकतं. पण त्यासाठी विमानात ती उपकरणं हवीत आणि वैमानिकाने तिचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. शिवाय अशा वेळी दोन विमानांमध्ये जास्त अंतर ठेवावं लागतं, त्यामुळे तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते. याहून मोठी गोम उड्डाणाची आहे. उडायला उतरण्यापेक्षा जास्त दिसावं लागतं, साधारण १२५ मीटर. त्याखाली गेलं की विमानं उतरत राहतात पण उडत नाहीत. मग विमानं उभी करायच्या जागा भरत जातात आणि उतरणंही थांबतं. अशा सकाळी पुण्यातलं विमान पुण्यातच रोखून धरतात. प्रवासी आत बसलेले, दार बंद, आणि वैमानिक दर अर्ध्या तासाने दिल्लीहून परवानगी आली नाही म्हणून सांगतोय. दुपारी एकच्या मुलाखतीचा मुलगा या विमानात असेल तर त्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करवत नाही.

धुकं पडेल की नाही याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी बांधता येतो. उत्तरेत पाऊस होऊन गेला, आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला की पुढच्या काही रात्री सांभाळून राहायचं. शिवाय दिल्ली विमानतळाचा हवामान अहवाल कुणालाही बघता येतो. त्याला मेटार म्हणतात. वाईट सकाळी तो साधारण असा दिसतो:

```
VIDP 090130Z 00000KT 0050 R28/0125 FG
```

पहिली चार अक्षरं म्हणजे दिल्ली विमानतळ. पुढे ९ तारीख आणि जागतिक वेळ ०१३०. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे सात. पाच शून्यं म्हणजे वारा अजिबात नाही. मग दृश्यता ५० मीटर, अठ्ठावीस क्रमांकाच्या धावपट्टीवर दिसतंय १२५ मीटर, आणि शेवटी धुकं. जायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांचे सकाळी सातचे अहवाल काढून बघावेत. दृश्यतेचा आकडा रोज शंभराच्या खाली असेल तर तुमची सकाळही तशीच जाईल असं धरा.

म्हणून हिवाळ्यात मी दिल्लीला दुपारी दोन ते चारच्या दरम्यान उतरणारं विमान शोधते. तोवर धुकं विरलेलं असतं आणि सकाळची कोंडी सुटू लागलेली असते. बारा ते दोन का नाही, याचं कारण प्रजासत्ताक दिन. संचलन आणि त्याचा सराव यांसाठी त्या आठवड्यात दिल्लीचं आकाश रोज काही वेळ बंद ठेवतात. २०२५ साली १९ ते २६ जानेवारी सकाळी १०:२० ते १२:४५ विमानांची ये-जा बंद होती. ती वेळ संपल्यावर थांबलेली सगळी विमानं एकदम येतात, म्हणून पाऊणचं उतरणंही मी टाळते. त्याच आठवड्यात इंडिया गेटच्या आसपासचे रस्तेही सरावासाठी बंद होतात आणि शाहजहान रोड तिथून जवळ आहे. ज्यांची मुलाखत त्या आठवड्यात असेल त्यांनी आदल्या दिवशीच वाहतूक पोलिसांची सूचना वाचून कुठल्या बाजूने जायचं ते ठरवावं, आणि सकाळी तासभर लवकर निघावं.

४. तुमचं विमान त्याआधी कुठे असतं ते बघा

एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. तुम्ही पुण्याहून साडेबाराला ज्यात बसणार, ते बहुतेक वेळा सकाळी दुसऱ्या कुठल्यातरी शहरातून येतं. ते शहर दिल्लीच असेल तर दिल्लीचा सकाळचा उशीर घेऊनच ते पुण्यात उतरणार. लातूरच्या मुलीच्या विमानाचं नेमकं हेच झालं होतं. सकाळी दिल्लीत धुक्यामुळे ते अडकलं, पुण्यात उशिरा आलं, आणि पुण्यातलं ऊन बघून प्रवासी विचारत राहिले की इथे तर हवा छान आहे, मग उशीर कसला?

हे आधी कळू शकतं. Flightradar24 वर उड्डाणाचा क्रमांक टाकला की मागच्या आठवड्यात ते रोज किती वाजता सुटलं आणि किती वाजता उतरलं ते दिसतं, आणि कुठलं विमान वापरलं त्याचा नोंदणी क्रमांकही दिसतो. त्या क्रमांकावर टिचकी मारली की ते विमान त्या दिवशी आधी कुठे कुठे होतं ते कळतं. दोन तिकिटांचं भाडं सारखं असेल तर मी सकाळी बेंगळुरू किंवा हैदराबादहून पुण्यात येणाऱ्या विमानाची फेरी घेते, दिल्लीहून येणाऱ्याची नाही. कंपन्या विमानांची अदलाबदल करतात, त्यामुळे याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पण सात दिवसांपैकी पाच दिवस जे उड्डाण दोन तास उशिरा गेलं, ते तुमच्या दिवशीच वेळेवर जाईल असं मानू नका.

जायच्या दिवशीही हे उपयोगी पडतं. फलकावर "ऑन टाइम" लिहिलेलं असतं आणि तुमचं विमान अजून सातशे मैलांवर जमिनीवर उभं असतं. ते तिथून सुटलेलंच नाही असं दिसलं तर तुम्हाला घोषणेच्या तासभर आधी कळतं, आणि मुंबईला निघायचं की थांबायचं हे ठरवायला तो तास सोन्यासारखा असतो.

५. दोन तिकिटं जोडून प्रवास करू नका

थेट विमान महाग वाटलं की मुलं स्वतःच जोडणी करतात. एका कंपनीचं तिकीट कोल्हापूर ते मुंबई, दुसरीचं मुंबई ते दिल्ली, मध्ये अडीच तास. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पैसे जातात, जागा जाते, आणि नवीन तिकीट त्या दिवसाच्या भावाने घ्यावं लागतं. एकाच पीएनआरवर दोन्ही फेऱ्या असतील तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीवर असतं. त्यातही मुलाखतीसाठी मी जोडणी टाळतेच. कोल्हापूरच्या मुलाने रात्रीच्या बसने पुण्याला यावं आणि थेट विमान घ्यावं. बसचा उशीर निदान दुपारपर्यंत भरून निघतो.

६. विमान रद्द झालं किंवा भलतीकडे उतरलं तर

मूळ प्रमाणपत्रं, मुलाखतपत्र, फोटो आणि मुलाखतीचे कपडे हातातल्या बॅगेत. यात सवलत नाही. सात किलोत हे सगळं बसतं, बूट पायात घाला. चेक-इन बॅगेत टाकलेलं सामान विमान भलतीकडे उतरलं की पोटात अडकतं, आणि मग तुम्हाला खाली उतरायचं असलं तरी पाय निघत नाही.

दिल्लीत उतरता आलं नाही तर विमान बहुधा जयपूर, लखनौ, अहमदाबाद किंवा अमृतसरला नेतात. अशा वेळी प्रवाशांना सहसा आतच बसवून ठेवतात आणि धुकं निवळलं की पुन्हा दिल्लीला नेतात. तुमच्याकडे दीड दिवस असेल तर निवांत बसून राहा. घाई असेल तर मात्र वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची चौकशी करा. ते संपले तर दुसरे कर्मचारी येईपर्यंत ते विमान उडत नाही. जयपूरहून दिल्ली रस्त्याने पाच-साडेपाच तासांवर आहे आणि उतरू द्या असं कर्मचाऱ्यांना विनवता येतं. दरवेळी परवानगी मिळतेच असं नाही, आणि धुक्यात रात्री त्या रस्त्याने जाणं मला पसंत नाही. लखनौ किंवा अमृतसरहून रस्त्याचा विचारच करू नका, रेल्वे बघा.

विमान रद्द झाल्याचा संदेश आला की त्यात दोन पर्याय असतात: पैसे परत, किंवा दुसऱ्या उड्डाणावर जागा. घाबरलेला माणूस आधी पैसे परत घेतो. तसं करू नका. परतावा स्वीकारला की त्या कंपनीने तुम्हाला पोचवण्याची जबाबदारी संपली, आणि त्याच दिवसाचं दुसरं तिकीट दुप्पट-तिप्पट भावाने घ्यावं लागतं. आधी दुसऱ्या उड्डाणावरची जागा नक्की करा. मग तुमच्या शेवटच्या वेळेच्या आत पोचवणारा दुसरा मार्ग हातात आला की ती सोडा. संदेशात कंपनीने आपणहून दिलेलं नवं उड्डाण कधी कधी दोन दिवसांनंतरचं असतं. तारीख नीट वाचा आणि काउंटरवर जाऊन मुलाखतपत्र दाखवा. तिथली माणसं तुमच्यासाठी जागा निर्माण करू शकत नाहीत, पण असलेल्या जागांपैकी एक द्यायची असेल तर तारीख ठरलेल्या मुलाला आधी देताना मी पाहिलं आहे.

भरपाईच्या भरवशावर राहू नका. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत रद्द झालेल्या उड्डाणासाठी भरपाईची तरतूद आहे, पण हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेला खोळंबा त्यातून वगळलेला आहे. आणि भरपाई मिळाली तरी ती तिकिटाची असते, मुलाखतीची नाही.

धुकं नसलेल्या महिन्यांतही हे सगळं लागू आहे. १९ जुलै २०२४ला जगभर संगणक बंद पडले तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. २०२५च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांनंतर एका मोठ्या कंपनीची उड्डाणं हजारोंनी रद्द झाली, आणि तेव्हा दिल्लीचं आकाश दोषी नव्हतं. एप्रिलमधल्या मुलाखतीसाठी मी सकाळचं विमान सुचवते, पण दिवस मात्र कमी करत नाही. त्या डिसेंबरनंतर आणखी एक पथ्य धरलं आहे: राखीव म्हणून दुसरं विमान बघायचं असेल तर ते दुसऱ्या कंपनीचं बघायचं. त्याच कंपनीचं पुढचं विमान हा पर्याय धरायचा नाही.

७. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं

परतीला उशीर झाला तर बिघडत काही नाही, म्हणून मुलं त्याच संध्याकाळचं स्वस्त तिकीट मागतात. पण एका मंडळापुढे त्या सत्रात अनेक उमेदवार असतात आणि तुमचा क्रमांक शेवटचा लागू शकतो. दुपारच्या सत्रात शेवटचा क्रमांक आला तर बाहेर पडेपर्यंत संध्याकाळ होते. सातचं विमान असलेला मुलगा चार वाजल्यापासून भिंतीवरचं घड्याळ बघत बसणार, आणि मुलाखतीच्या खोलीत जाताना त्याच्या डोक्यात विमानतळाचा रस्ता असणार. तेव्हा परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारचं काढा.

तिथे प्रवासभत्त्याचा फॉर्म भरून घेतात, तो आधी डाउनलोड करून भरून न्या. भत्ता रेल्वेच्या साध्या शयनयान दराने मिळतो, विमानाच्या भाड्याने नाही. घरून निघतानाच हे वडिलांना सांगून ठेवा, कारण माझ्याकडे परत येऊन विमानाची बिलं मागणारे पालक दरवर्षी असतात.